सायकलची जाहिरात लिहिताना आधी टेप हातात घ्या

(संघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)

आमच्या गटातल्या आम्ही चौघी जुन्या सायकली घेऊन दुरुस्त करतो आणि विकतो. खोक्यात आलेल्या नव्या सायकली जोडूनही देतो. पूर्वी गिऱ्हाईक आठवडी बाजारात यायचं, सायकलवर बसून बघायचं, मग पैसे द्यायचं. आता मोबाइलवर जाहिरात टाकली की वीस-पंचवीस किलोमीटरवरून फोन येतो आणि सौदा तिथंच ठरतो. म्हणजे बसून बघायचं काम जाहिरातीनंच करायला पाहिजे. हे आम्हाला उशिरा कळलं.

आमची पहिली जाहिरात अशी होती : "लेडीज सायकल, 26 साइज, कंडिशन एकदम चांगली, 2,800 रुपये." सहावीतल्या मुलीच्या आईनं फोनवरच घेतली, आम्ही टेम्पोत घालून पाठवली. दुसऱ्या दिवशी मुलगी पडली. सीट पार खाली केली तरी तिचा पाय खालच्या पायडलला नीट पुरत नव्हता. आईनं सायकल परत आणली, पैसे परत दिले, दोन्ही वेळचं टेम्पोभाडं आमच्या अंगावर. ती माउली रागावली नाही, एवढंच म्हणाली, "तुम्ही 26 लिहिलं, मला वाटलं मुलींची साइज असंल."

आता बघा, 26 हे चाकाचं माप आहे. चाक तेच असून फ्रेम लहान-मोठी असू शकते. फ्रेमचं माप म्हणजे पायडल जिथं फिरतं त्या मधल्या भागापासून सीटची नळी संपते तिथपर्यंतची लांबी. ती सायकल 18 इंच फ्रेमची होती. पण 18 इंच लिहून तरी आईला काय कळणार? म्हणून आम्ही आता शिवणाचा टेप घेतो आणि तीन मापं काढतो.

पायडल अगदी खाली आणायचं, सीट पूर्ण खाली दाबायची, आणि पायडलच्या वरच्या बाजूपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायचं. त्या सायकलीला 70 सेंटिमीटर भरलं. मग सीट जितकी वर घेता येते तितकी घेऊन पुन्हा मोजायचं, 81 भरलं. इथं सांभाळा, सीटच्या दांड्यावर आडवी खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर अडीच-तीन इंच दांडा आत राहू द्या, नाहीतर खड्ड्यात सीट वाकते नाहीतर मोडते. तिसरं माप सीट खाली असताना जमिनीपासून सीटपर्यंतचं, ते भरलं 82. हे शिकणाऱ्या मुलीसाठी, कारण तिला पाय जमिनीला टेकायला लागतात.

आता पलीकडच्या बाजूचं माप. गिऱ्हाइकाला सांगायचं, मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही आडवी धरून वरपर्यंत लावा, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे मांडीचं आतलं माप. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा, म्हणून हे माप आपल्या 70 आणि 81 च्या मध्ये यायला पाहिजे. त्या मुलीची उंची होती 4 फूट 7 इंच आणि आतलं माप 64. सहा सेंटिमीटर कमी! सौदा फोनवरच थांबला असता.

उंचीवरूनही अंदाज येतो. आतलं माप साधारण उंचीच्या निम्म्याला थोडं कमी असतं, त्यामुळं त्या सायकलीला कमीत कमी पाच फूट उंची पाहिजे. आम्ही लिहितो "5 फूट ते साडेपाच फूट." सीट वर घेऊन त्याहून उंच माणूस बसेलही, पण हँडल जवळ पडतं आणि गुडघे वर येतात. कुणाचे पाय लांब, कुणाचं धड लांब, म्हणून उंचीसोबत ते 70 आणि 81 लिहायचेच. "वाढत्या अंगाची आहे, मोठीच द्या" असं बरेच जण म्हणतात. फ्रॉकला दोन इंच दुमड ठेवता येते, सायकलला नाही.

टायरचं माप टायरच्या बाजूवर कोरलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवा. नुसतं "26" लिहिलं की घोळ होतो. लेडीज सायकलवर बहुधा 26 × 1 3/8 असतं आणि शेजारी 37-590. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलवर 26 × 1.95 असेल तर शेजारी 50-559. दोन्हीला दुकानदार सव्वीसच म्हणतो. पण तो शेवटचा तीन आकडी नंबर म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. एकात 590, दुसऱ्यात 559. एकाचा टायर दुसऱ्यावर बसतच नाही. हा आकडा जाहिरातीत असला की पुढं टायर घ्यायला तालुक्याला गेलेली बाई चुकीचा आणत नाही.

गिअरचं थोडक्यात. पुढं तीन चकत्या, मागं सात, म्हणून 21. पण 21 आहेत आणि 21 पडतात यात फरक आहे. मागचं चाक उचलून एकेक गिअर टाकून बघा. जे पडत नाही ते लिहा, "पुढची मोठी चकती पडत नाही" असं सरळ. गिअर नसतील तर "साधी, एक गिअर" लिहा. सपाट रस्त्यावर शाळेला जायला तीच बरी, दुरुस्ती कमी.

ब्रेक पुढचा आणि मागचा वेगवेगळा लिहा, कारण पुढं डिस्क आणि मागं रिमला घासणारे रबर असंही असतं. जुन्या सायकलला सळईचे ब्रेक असतात, त्यांचं सामान गावात मिळतं. डिस्क असेल तर तारेची की तेलाची ते लिहा. तेलाची डिस्क गावातल्या दुकानात बहुतेक दुरुस्त होत नाही.

नवी सायकल विकताना ती किती जोडलेली आहे हे लिहायचं. खोक्यावर "85 टक्के जोडलेली" असतं, पण उरलेल्या पंधरा टक्क्यांत पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडल येतात! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घरी कुणी जोर लावून उजव्यासारखं फिरवलं की आटे जातात आणि क्रँक बदलावी लागते. आणखी एक, हँडल लावताना पुढचा चिमटा उलटा फिरलेला राहतो. रिमचे ब्रेक मागच्या बाजूला दिसले की समजा उलटा आहे. म्हणून फोटो बाजूनं काढा, चेन दिसेल असा.

परत आलेली ती सायकल आम्ही पुन्हा अशी टाकली :

"लेडीज सायकल, वापरलेली. फ्रेम 18 इंच. उंची 5 फूट ते साडेपाच फूट. पायडलपासून सीट 70 ते 81 सेंमी, जमिनीपासून सीट कमीत कमी 82 सेंमी. साधी, एक गिअर. पुढं-मागं रिमचे ब्रेक, मागचे रबर नवे. टायर 26 × 1 3/8 (37-590), पुढचा अर्धा झिजलेला. पूर्ण जोडलेली, चालवून पाहिलेली. मागच्या मडगार्डला गंज. 2,600 रुपये."

गंज आणि झिजलेला टायर लिहिला म्हणून दोनशे रुपये कमी धरले. चौथ्या दिवशी एका अंगणवाडी सेविका ताईंचा फोन आला, पहिलाच प्रश्न त्यांनी केला, "माझं माप 72 भरतंय, चालंल ना?"