मसुद्यातील तीन वाक्ये

परस्पर संमतीने विभक्त होणाऱ्या एका जोडप्याने आपल्या कराराचा मसुदा मला वाचायला दिला. दोघे माझ्या ओळखीचे. त्यांचा विवाह १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेला. त्या कायद्याच्या कलम २८प्रमाणे किमान वर्षभर वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो आणि साधारण सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा न्यायालयात संमती सांगायची असते. वकिलांनी कायदा पाहिला होता. मी फक्त शब्द पाहिले. तीन वाक्यांवर अडलो.

पहिले वाक्य : ‘पत्नीस आठ लाख रुपये पोटगी एकरकमी देण्यात येईल.’ केव्हा? नवरा म्हणे निकालानंतर, बायको म्हणे आधी. शेवटी चार लाख अर्जाच्या वेळी आणि उरलेल्या चार लाखांचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या जबानीच्या दिवशी न्यायालयातच, असे ठरले. मधल्या काळात कुणीही संमती मागे घेऊ शकते. मग पहिल्या चार लाखांचे काय, हेही लिहिले.

दुसरे : ‘मुलीचा खर्च वडील करतील.’ मुलगी नऊ वर्षांची. खर्च म्हणजे फी, की रिक्षा, शिकवणी, दवाखानाही? नव्या मसुद्यात दरमहा पाच तारखेपर्यंत बारा हजार रुपये आईच्या खात्यात आणि दर जूनमध्ये दहा टक्के वाढ, असे आले. शाळेची फी व दवाखान्याचे मोठे बिल निम्मे निम्मे. ही वाढ धरली तर नवव्या वर्षी रक्कम दुपटीहून थोडी अधिक होते. नसती तर मुलगी दहावी-बारावीला असतानाही बारा हजारच. ‘यापुढे मुलीसाठी काही मागणार नाही’ हे वाक्य मात्र काढायला लावले. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, पण पोटगीचा मुलीचा हक्क तिला सोडून देता येत नाही.

तिसरे : ‘फ्लॅट पत्नीचा राहील.’ फ्लॅट दोघांच्या नावे, कर्जही दोघांच्या नावे. बँक या कराराची पक्षकार नाही. हप्ता थकला तर ती नवऱ्यालाही नोटीस पाठवणार. बायको शिक्षिका, तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज चालू ठेवायला बँक तयार आहे, असे पत्र आधी मिळवले. मग त्याने आपल्या हिश्शाचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवले, तेही निकालापूर्वी. महाराष्ट्रात राहत्या घराच्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, पण ती नवरा-बायकोला. घटस्फोटानंतर ते नाते उरत नाही.

मसुदा तीन पानांचा सहा पानांचा झाला. वाढलेल्या प्रत्येक ओळीत एक तारीख, एक रक्कम किंवा एका माणसाचे नाव होते. भांडणाला जागा राहते ती नेमकी या तीन गोष्टी नसलेल्या वाक्यांत.