दिवेलागणीनंतर जाणारा तोल

आम्ही आरोग्य गटाच्या बायका आज म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याबद्दल बोलणार आहोत. प्रत्येक पडण्याबद्दल नाही, कारण पडायची कारणं पुष्कळ असतात. आजचा विषय आहे कानाच्या आतल्या तोलाचा. कानानं ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच कानाच्या आत, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणारा एक इवलासा अवयव असतो, हे आम्हालाही तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

गवंड्याच्या हातातली लेव्हल पट्टी तुम्ही पाहिली असेल. पाण्यातला बुडबुडा सरकला की भिंत कलली हे त्याला कळतं. कानातही तसंच काहीसं असतं. पाण्यानं भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. डोकं वळलं की आतलं पाणी मागे राहतं, त्यानं बारीक केसांच्या पेशी वाकतात आणि डोकं कुठं वळलं ते मेंदूला कळतं. वय वाढलं की या पेशी कमी होत जातात. काही औषधांनीही त्या मरतात. पूर्वी टीबीला दिली जायची ती स्ट्रेप्टोमायसिनची सुई त्यातलीच. म्हणून घरातल्या आजींना तरुणपणी टीबी होऊन महिनोन्‌महिने सुया घ्याव्या लागल्या होत्या का, हे जरूर विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

तोल मात्र एकट्या कानावर चालत नाही. डोळे, पायाचे तळवे आणि कान अशा तिघांच्या खबरीवर मेंदू माणसाला उभं ठेवतो. कान दुबळा झाला तरी उजेडात डोळे काम भागवतात आणि टणक जमिनीवर पाय भागवतात. त्यामुळे दिवसा घरात आजी छान हिंडताना दिसतात. दिवेलागण झाली, लाइट गेली, पायाखाली चिखल किंवा मऊ माती आली, की डोळ्यांची आणि पायांची खबर एकदम तुटते. मग उरतो फक्त कान, आणि तो तर आधीच थकलेला असतो.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. दोन्ही कान हळूहळू दुबळे होतात तेव्हा घर गरगर फिरत नाही. आजी म्हणतात, "चक्कर नाही गं येत, पण पाय कुठं पडतो तेच कळत नाही." चालताना समोरचं झाड हलल्यासारखं दिसतं, असंही काहीजणी सांगतात. गरगरत नाही म्हणून घरचे म्हणतात, वय झालं. आणि विषय तिथंच संपतो.

आमच्या गटातल्या एका बाईंच्या सासूबाईंचं सांगतो. वय सत्तरीच्या पुढं. दोन महिन्यांत दोनदा पडल्या. एकदा तिन्हीसांजेला परसात जाताना, ओल्या जमिनीवर. दुसऱ्यांदा मोरीत तोंड धुताना, साबण लावून डोळे मिटलेले असताना. दोन्ही वेळा डोळ्यांची मदत नव्हती, हे लक्षात घ्या. घरात चालताना त्या भिंतीला एक बोट लावून चालायच्या आणि सूनबाईंना वाटायचं, ही सवयच आहे. आरोग्य केंद्रात आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजला, तो उतरत नव्हता. साखर ठीक होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर बरी होती. मग ताईंनी गोधडीची परीक्षा केली.

ती अशी. भिंतीच्या कोपऱ्यात म्हाताऱ्या माणसाला पाठ करून अनवाणी उभं करायचं, म्हणजे मागं आणि बाजूला भिंती राहतात. समोर एक खुर्ची, आणि हाताच्या अंतरावर एक धडधाकट माणूस, हात पुढं धरून. एकट्यानं ही परीक्षा कधीही करायची नाही. पाय जुळवून आधी टणक जमिनीवर डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट उभं राहायचं. मग डोळे मिटून. नंतर जाड गोधडीच्या चार घड्या करून तिच्यावर डोळे उघडे ठेवून, आणि शेवटी गोधडीवर डोळे मिटून. या चौथ्या वेळी पायांना जमीन नीट कळत नाही, डोळे बंद असतात, म्हणजे सगळी भिस्त कानावर येते. सासूबाई टणक जमिनीवर डोळे मिटूनही अर्धा मिनिट उभ्या राहिल्या. गोधडीवर डोळे मिटल्यावर तीन सेकंदांत कलल्या. ज्या म्हाताऱ्या माणसाचे पाय बधिर असतात ते बहुधा टणक जमिनीवरच डोळे मिटल्यावर झुलायला लागतं. गोधडीनं रोग ठरत नाही, पण कानाच्या डॉक्टरांकडे जायचं की नाही ते ठरतं. त्याही गेल्या, आणि डॉक्टरांनी दोन्ही कानांचा तोल कमी झाल्याचं सांगितलं.

आता व्यायाम. त्यासाठी लागते एक टिकली. कोऱ्या, एका रंगाच्या भिंतीवर, खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल अशी टिकली लावायची. चश्मा असेल तर घालायचा. भिंतीपासून हातभर अंतरावर बसायचं. नजर टिकलीवरून हलू द्यायची नाही आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं, आपण 'नाही नाही' म्हणताना हलवतो तसं. मान खांद्यापर्यंत वळवायची नाही. नाक टिकलीच्या दोन्ही बाजूंना वीतभर गेलं तरी पुष्कळ झालं. वेग किती ठेवायचा? टिकली स्पष्ट दिसेल इतका. ती हलायला लागली, पुसट झाली की वेग जरा कमी करायचा. पण अगदी सावकाश, झोपाळू चालीनं केलं तर उपयोग नाही, कारण मेंदूला ती जराशी चूक जाणवली तरच तो शिकतो. अर्धा मिनिट झाला की थांबायचं, दम घ्यायचा, आणि मग तसंच 'हो हो' म्हणताना हलवतो तसं वर-खाली अर्धा मिनिट.

पहिल्या आठवड्यात हे दिवसातून तीनदा बसूनच करायचं. मग अर्ध्याचा एक मिनिट करायचा, फेऱ्या वाढवायच्या. दिवसभरातलं सगळं मिळून हळूहळू वीस मिनिटांपर्यंत न्यायचं. बसून जमलं की उभं राहून, आधी पाय फाकवून, मग जुळवून, आणि सगळ्यात शेवटी गोधडीवर. उभ्यानं करताना भिंतीचा कोपरा आणि शेजारी माणूस हवंच. चालण्याचा व्यायाम भिंतीच्या कडेनं करायचा: तीन पावलं समोर बघत, तीन उजवीकडे बघत, तीन डावीकडे बघत.

व्यायाम करताना थोडं गरगरणार, मळमळणार. सासूबाईंनी पहिल्या चार दिवसांतच "हे करून उलट जास्त होतंय" म्हणून सोडून द्यायची तयारी केली होती. खरं तर थोडं गरगरणं ठीक आहे. थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते शमलं पाहिजे. तासभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी वेग किंवा वेळ कमी करायची. मानेत दुखणं किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबायचं आणि आधी मान दाखवायची.

इथंच गोळीचं बोललं पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला तोल जातो म्हटलं की चक्करेची गोळी मिळते आणि मग ती वर्षानुवर्षं दुकानातून आणली जाते. यातल्या बऱ्याच गोळ्या मेंदूला सुस्त करतात. जोराच्या चक्करेत दोन-तीन दिवस त्या कामाच्या असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं शिकणं मागे पडतं, झोप येते, आणि सिनारिझिनसारख्या गोळीनं काही म्हाताऱ्या माणसांचे हात कापायला लागतात, चाल जखडते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "ही किती दिवस घ्यायची?"

सासूबाईंनी सहा आठवडे टिकली सोडली नाही. गोधडीवर तीन सेकंदांचे बारा सेकंद झाले. चालताना दारातलं झाड हलायचं ते कमी झालं. पण मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. व्यायामानं मेंदू डोळ्यांचा आणि पायांचा जास्त चांगला वापर करायला शिकतो. म्हणून मिट्ट काळोखात त्या आजही एकट्या जाऊ शकत नाहीत, आणि घर बदलावंच लागतं.

सगळं घर एका दिवसात बदलायला जाऊ नका. आधी एकच वाट धरा, खाटेपासून संडासापर्यंतची. रात्री आजींबरोबर ती वाट चाला आणि त्यांचा हात कुठं कुठं टेकतो ते बघा. जिथं टेकतो तिथं आधार पाहिजे. सूनबाईंनी परसातल्या मोकळ्या जागेत कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइपचा कठडा बसवून घेतला. कपडे वाळत घालायची दोरी हा आधार नाही, ती माणसाबरोबर झुलते. मोरीतला नळही नाही, तो तुटतो. वाटेवर रात्रभर झिरोचा दिवा ठेवला, आणि लाइट जाते म्हणून उशाशी चार्जिंगची बॅटरी. उंबरठ्याच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढला. मोरीत बसायला पाटाऐवजी उंच स्टूल आलं, आणि साबण लावून तोंड धुवायचं ते स्टुलावर बसून. खाट इतक्या उंचीची हवी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. वाटेत अंथरलेली सतरंजी, पोती, वायर उचलून टाका. सपाता नकोत, मागं पट्टा असलेली चप्पल द्या. काठीला खाली रबरी बूच लागलेलं आहे ना, ते झिजलं तर नाही ना, हे महिन्यातून एकदा उलटी करून बघा. काहीजणींना काठीची लाज वाटते. त्यांना सांगा, काठी हा हातानं जमीन बघायचा डोळा आहे.

प्रत्येक तोल जाणं असं नसतं. अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, तर तो वेगळा आजार आहे. कानातले बारीक खडे जागचे सुटून नळीत जातात. त्यावर डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून डॉक्टर खडे जागेवर नेतात, बरेचदा एक-दोन वेळांतच. टिकलीनं ते जात नाहीत. आणि एकाएकी तोल जाऊन उभंच राहता येईना, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर कान-बिन काही नाही, लगेच १०८ ला फोन करा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तरी थांबू नका, दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: कधी पडल्या, उजेड होता की अंधार, जमीन ओली होती का, डोळे मिटले होते का, गरगरलं का, किती वेळ, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं. पुढच्या गटबैठकीत गोधडीची परीक्षा करणार असाल तर आधी कोपरा मोकळा करा आणि धरायला दोघीजणी उभ्या करा.