‘पाणी’ आणि ‘पानी’



घोटीच्या बाजारांत भात विकावयास आलेला शेतकरी ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार पुष्कळदां ‘पानी’ असा करतो. वऱ्हाडांत व खानदेशांतही हाच उच्चार कानीं पडतो. शहरांतील पुष्कळ लोक अशा माणसास ‘आनि-पानी करणारा’ म्हणून हिणवतात, आणि त्या एका वर्णावरून त्याची बुद्धि, शिक्षण, क्वचित् त्याचें कूळही ठरवून मोकळे होतात. हा न्याय कितपत खरा आहे, आणि असा उच्चार बदलण्याचा खटाटोप करावा कीं नाहीं, याचा आज विचार करूं.

प्रथम शुद्धाशुद्धतेचा प्रश्न घेऊं. ‘पानी’ हा बिघडलेला शब्द, असें आपण गृहीत धरतों. परंतु मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ आहे. त्यांत ‘न’च आहे. ‘नवनीता’चें लोणी झालें, ‘जानाति’पासून जाणणें आलें, तेथेंही मूळचा ‘न’ जाऊन ‘ण’ आला. प्राकृतांत ‘न’चा ‘ण’ होतो, असा नियम वररुचीनें ‘प्राकृतप्रकाशां’त नोंदविला आहे. उलट ‘पर्णा’चें पान झालें, ‘कर्णा’चा कान झाला, येथें मूळचा ‘ण’ जाऊन ‘न’ आला. म्हणजे दोन स्वरांमधला एकटा ‘न’ मराठींत ‘ण’ झाला, आणि जोडाक्षरांतला ‘ण’, तें जोडाक्षर सुटतांना, ‘न’ झाला. ‘कान’ म्हणणारास आपण अशुद्ध म्हणत नाहीं. मग कांहीं बोलींनीं उरलेल्या ‘ण’चाही ‘न’ केला, तर त्यांत अडाणीपणा तो कोणता?

तरीही ऐकणाराचा कान विटतो, याचें कारण ध्वनींत नसून त्याच्या आठवणींत आहे. ‘ण’ त्यानें शिक्षकाच्या, वकिलाच्या, अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो. ‘पानी’ हमालाच्या व गड्याच्या तोंडून. प्रतिष्ठा माणसांची असते, ती वर्णाला चिकटते. १९६० सालीं कॅनडांतील माँट्रिअल शहरांत लँबर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं याची परीक्षा पाहिली. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांना त्यांनीं एकच मजकूर एकदां इंग्रजींत व एकदां फ्रेंचमध्यें वाचावयास लावला. ऐकणारांस हे निरनिराळे लोक वाटले, आणि इंग्रजी आवाज त्यांना अधिक बुद्धिमान भासले. विशेष हें कीं, स्वतः फ्रेंच बोलणाऱ्यांनींही आपल्याच भाषेंतील आवाजांस कमी लेखलें. हिणवला गेलेला मनुष्य शेवटीं हिणवणाराचाच कान उसना घेतो. वर्गांत हंसें झालेला मुलगा उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीं, तें यामुळेंच.

आतां उच्चार बदलण्याविषयीं. पहिला प्रश्न असा कीं, बोलणें समजतें कीं नाहीं? ‘मन’ म्हणजे चित्त, आणि ‘मण’ हें चाळीस शेरांचें जुनें वजन. पण ‘चार मन तांदूळ’ म्हटल्यानें कोणत्याही व्यापाऱ्याचा घोटाळा होत नसे. संदर्भ अर्थ सांभाळतो. बोलण्याची ढब निराळी असणें आणि बोलणें न समजणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तथापि रंगभूमीसाठीं, वृत्तनिवेदनासाठीं किंवा केवळ हौसेनें कोणास ‘ण’ साधावयाचा असेल, तर तो साधतो. आधीं कानाची परीक्षा घ्यावी. शिक्षकानें तोंड झांकून ‘मन’ व ‘मण’ म्हणावें आणि शिकणारानें फरक ओळखावा. तो ओळखतां येईपर्यंत जिभेचे श्रम व्यर्थ आहेत. ‘न’ म्हणतांना जिभेचा शेंडा वरच्या दांतांच्या मुळाशीं टेकतो. ‘ण’साठीं तो मागें वळून टाळूस लागतो. ‘ड’ला जीभ जवळजवळ तेथेंच जाते, आणि ‘ड’ प्रत्येकास येतो. म्हणून ‘आडा’ म्हणवून घ्यावें, आणि जीभ तशीच ठेवून श्वास नाकावाटे सोडावयास सांगावें; ‘आणा’ हा उच्चार हळूहळू वठतो. मात्र मुलगा ‘मणुष्य’, ‘अणुभव’ असें म्हणूं लागला, तर समजावें कीं त्याचा कान तयार झालेला नाहीं, भीति तेवढी वाढली आहे. तेथें थांबावें.

लेखनाची गोष्ट वेगळी. तेथें ‘ण’ सर्वांनीं शिकावाच, कारण परीक्षेंत व अर्जांत तो मोजला जातो. आणि तो डोळ्यांनीं शिकतां येतो, त्यासाठीं घरची बोली सोडावी लागत नाहीं. बोलण्यांत मात्र स्पष्टपणा मागावा, ढब मागूं नये. मुलाखत घेणाऱ्यांनीं उमेदवाराच्या उत्तराचे गुण आधीं कागदावर मांडावे, आणि मगच त्याच्या ‘ण’चा विचार करावा, तोही त्या कामास ‘ण’ खरोखरच लागत असेल तर.