नाव खोडले म्हणजे ओळख पुसली का?

(अकोला येथील सभेत केलेले भाषण)



मी रुग्णालयात नोंदी सांभाळते. मेळघाटातून येणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांची माहिती कुणी अभ्यासासाठी मागितली, की आपण सहज म्हणतो, "नावे खोडून द्या, झाले." तेवढ्याने होत नाही.

समजा, कागदावर एवढेच आहे: स्त्री, वय 19, कोरकू, चाळीस घरांच्या अमुक ढाण्यावरची, सिकलसेल, 14 मार्चला बाळंत. नाव, मोबाइल, आधार, केसपेपर क्रमांक सारे काढलेले. याला डी-आयडेंटिफिकेशन म्हणतात, म्हणजे ओळखीच्या खुणा काढणे. पण त्या ढाण्यावर 14 मार्चला कोण बाळंत झाली, हे आशाताईंनाच काय, किराणा दुकानदारालाही ठाऊक असते! सिकलसेल आनुवंशिक आहे. उद्या तिच्या धाकट्या बहिणीला स्थळ आले, की हाच कागद आडवा येतो.

अमेरिकेत 1990 च्या दशकात असेच घडले. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या उपचारांच्या नोंदी नावे काढून अभ्यासकांना दिल्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले तिथे सहाच जण होते. त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारे एकटे तेच. त्यांच्या आजाराची नोंद तिला सापडली. शहरात हे झाले, मग ढाण्याचे काय सांगावे?

दुसरा प्रकार स्युडोनिमायझेशन. नावाच्या जागी टोपणनाव, म्हणजे एखादा क्रमांक द्यायचा. तीच मुलगी वर्षात चार वेळा भरती झाली, तरी चारही नोंदी एका क्रमांकाखाली येतात. तिला तातडीने बोलवायचे झाल्यास कुलपातल्या वहीतून नाव शोधता येते. मात्र ती वही आहे तोवर माहिती तिचीच, आणि जबाबदारी आपली. शिवाय क्रमांक चिठ्ठी काढल्यासारखा, कशाशीही संबंध नसलेला हवा. सुरुवातीला मी आद्याक्षरे आणि जन्मवर्ष जोडून क्रमांक बनवत असे. तो तर कुणीही ओळखला असता.

तिसरा प्रकार अनॉनिमायझेशन, म्हणजे निनावीकरण. यात परतीची वाटच ठेवायची नाही. ढाण्याऐवजी तालुका, 19 ऐवजी 15 ते 24, तारखेऐवजी वर्ष. नावांची वही आणि मूळ नोंद आपल्याकडे असली, तरी दिलेल्या तक्त्यातली एक ओळ उचलून ती कुणाची, हे आपल्यालाही सांगता येऊ नये. एखाद्या रकान्यात दोन-तीनच रुग्ण उरले, तर तो शेजारच्या रकान्यात मिळवायचा. याची किंमतही आहे. कोणत्या ढाण्यावर रुग्ण जास्त, हे मग कळत नाही, आणि रुग्णाला परत बोलवता येत नाही.

म्हणून हल्ली कुणी माहिती मागितली, की मी आधी विचारते, "हेच रुग्ण पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचे आहेत का?" हो म्हटले तर टोपणक्रमांक आणि लेखी करार. नाही म्हटले तर फक्त तालुकावार आकडे.