टी पेशींचा ब्रेक सुटतो तेव्हा

श्रोतेहो, आपल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या काही गाठी नेमका तोच दाबून धरतात आणि टी पेशी थंडावतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध पीडी-१ला चिकटून हा ब्रेक सोडवतं. मग टी पेशी गाठीवर तुटून पडतात.

पण हाच ब्रेक निरोगी अवयवांनाही सांभाळत असतो. म्हणून काहींच्या आतड्याला सूज येते. रोज एकदा शौचाला जाणारा रुग्ण ६-७ वेळा जाऊ लागला, तर साधं पोट बिघडलंय समजून घरच्या घरी गोळी घेऊ नये; त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावं. संसर्ग नाही ना, हे तपासून डॉक्टर पुढचा डोस थांबवतात आणि गरजेनुसार स्टिरॉइड देतात. बरं वाटलं तरी ते एकदम बंद न करता काही आठवडे हळूहळू कमी करतात. हा त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो.