रक्त चढवताना पहिली 15 मिनिटं



वसई-विरारमधल्या एखाद्या रुग्णालयात
आपल्या माणसाला रक्त चढतंय.
सिस्टर रक्त आधी सावकाश सोडतात.
पहिली 15 मिनिटं त्या जवळच थांबतात.
कारण सर्वांत घातक प्रतिक्रिया बहुधा याच वेळात दिसते.

नुसता ताप आला, थंडी वाजली,
तर ती अनेकदा सौम्य प्रतिक्रिया असते.
अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तर ती अ‍ॅलर्जी.

पण तापासोबत कंबर दुखली,
रक्तदाब उतरला,
लघवी लाल झाली,
तर न जुळणारं रक्त गेल्याची शंका येते.
शरीर त्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू लागतं.
मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

असं बहुतेकदा नावांच्या गोंधळातून घडतं.
क्वचित कारण वेगळं असतं.
1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी बॉम्बे रक्तगट शोधला.
साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो.
पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही.

घातक प्रतिक्रियाही साध्या तापानंच सुरू होऊ शकते.
म्हणून सिस्टर अंदाज बांधत बसत नाहीत.
आधी रक्त बंद.
शिरेतली सुई तशीच ठेवतात.
नवी नळी जोडून सलाइन सुरू करतात.
डॉक्टरांना बोलावतात.
रुग्णाचं नाव आणि पिशवीचा क्रमांक पुन्हा ताडतात.
पिशवी नळीसकट रक्तपेढीत जाते.
सोबत रुग्णाच्या रक्ताचा नवा नमुनाही जातो.

श्रोतेहो, रक्त चढताना थंडी, खाज, कंबरदुखी, धाप,
काहीही जाणवलं, तर लगेच सिस्टरना सांगा.
आधी रक्त बंद, मग बाकीचं.