कुणाला विचारायचं, हे आधी ठरवू या

(परित्यक्ता स्त्रियांच्या पाहणीच्या तयारीसाठी घेतलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या शिबिरात पाहणी कशी करायची यावर स्लाइड्स दाखवल्या होत्या. यादृच्छिक नमुना, स्तरित नमुना, समूह नमुना, साखळी नमुना, सोयीचा नमुना अशी नावं, प्रत्येकाची व्याख्या, फायदे-तोटे. तुम्ही सगळं वह्यांत उतरवून घेतलंत. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "ताई, हे सगळं खरं, पण आपण यातला कोणता घ्यायचा?" याचं उत्तर एकाही स्लाइडवर नव्हतं. म्हणून त्या स्लाइड्स मी घरी नेल्या आणि उलट्या बाजूने लावल्या. नावांपासून सुरुवात करायची नाही, आपल्या कामापासून करायची. काम डोळ्यांसमोर ठेवून तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं मिळाली की पद्धत आपोआप पुढे येते.

आधी आपलीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या केंद्रात आलेल्या परित्यक्तांची माहिती एकत्र केली आणि निवेदन घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्तांचा समावेश आहे, तरी अर्ज पडून राहतात, हे आमचं म्हणणं. तिथले अधिकारी कागद चाळून म्हणाले, "या तर तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्याच बायका. तालुक्यात एकूण किती आहेत ते सांगा." राग आला, पण उत्तर नव्हतं. केंद्रात येते ती बाई एस.टी.ने येऊ शकते, घरातून निघू शकते, तिला कुणीतरी आमचा पत्ता दिलेला असतो. जी येऊ शकत नाही ती आमच्या वहीत नाही. आणि तिचीच अवस्था बहुधा जास्त वाईट.

वही मोठी करून हा दोष जात नाही. स्लाइड्समधलं अमेरिकेतलं उदाहरण आठवा. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. जवळजवळ चोवीस लाख परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने आले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे फोन-मोटार नव्हती ते यादीबाहेर राहिले, आणि उत्तर पाठवणारेही एका कलाचे निघाले. चोवीस लाख उत्तरांनी ती चूक सुधारली नाही.

आता पहिला प्रश्न. शेवटी आपल्याला कोणतं वाक्य बोलायचं आहे? "तालुक्यात सुमारे इतक्या परित्यक्ता आहेत आणि त्यांतल्या इतक्यांनाच अनुदान मिळतं" हे वाक्य हवं असेल, तर प्रत्येक परित्यक्तेला नमुन्यात येण्याची संधी हवी आणि ती संधी किती होती हे आपल्याला ठाऊक हवं. इथे चिठ्ठ्यांशिवाय गत्यंतर नाही. पण "सासरहून निघाल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं, भावाच्या घरात जागा कशी मिळाली" हे समजून घ्यायचं असेल, तर पंधरा-वीस बायकांशी सावकाश बोलणं जास्त उपयोगाचं. तिथे एकीने दुसरीचं नाव सांगायचं ही साखळी पद्धत चांगली. मात्र साखळी आपल्याच जातीत, आपल्याच आळीत फिरत राहते. म्हणून ती गावठाण, दलित वस्ती, तांडा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करायची. आणि साखळीतून मिळालेल्या बायकांवरून "शंभरातल्या इतक्या" असं कधीही म्हणायचं नाही.

दुसरा प्रश्न. यादी आहे का, आणि तिच्यात कोण नाही? मतदारयादी सहज मिळते. पण लग्नानंतर मुलीचं नाव सासरच्या गावी जातं. ती परत आली तरी नाव पुष्कळदा तिथेच राहतं. रेशनकार्डाचंही तेच. म्हणजे जिला शोधायचं तीच यादीतून गळते. २०११च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त असे वेगळे रकाने होते, पण घरातल्या पुरुषाने "विवाहित" सांगितलं की ती विवाहितच. अंगणवाडीताईंचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर यापेक्षा बरं, पण शेतवस्तीवरची घरं त्यातही सुटू शकतात. अशा वेळी माणसांच्या यादीचा नाद सोडायचा आणि घरांची यादी स्वतः करायची. गावाला पायी फेरी मारायची, नकाशा काढायचा, मळ्यातली घरंसुद्धा त्यावर घ्यायची.

तिसरा प्रश्न. जिला शोधतो ती किती विरळ आहे, आणि आपले हात किती? समजा शंभर घरांत तीन परित्यक्ता आहेत. तालुकाभरातून चिठ्ठ्या टाकून ४०० घरं निवडली, तर सापडतील सुमारे बारा. बारा बायकांवरून अनुदानाबद्दल काय बोलणार? शिवाय एकेका घरासाठी एकेका गावाला जायचं. म्हणून इथे घरं निवडायची नाहीत, गावं निवडायची. निवडलेल्या गावातलं मात्र एकही घर सोडायचं नाही. स्लाइडवर याचंच नाव समूह नमुना.

आता हे एका तालुक्याला लावून पाहू. गणित दिसावं म्हणून सोपे आकडे घेते. तालुक्यात १२० गावं. सगळी एका डब्यात टाकली तर मोठी गावंच निघतील, किंवा एकही तांडा निघणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून तीन ढीग करू. २० मोठी गावं, ६० मधली आणि ४० लहान वाड्या-तांडे. हे ढीग म्हणजेच स्तर. मोठ्यांतून ५, मधल्यांतून ६, लहानांतून ८ गावं चिठ्ठीने काढू. मोठ्या गावात ६००, मधल्यात २५० आणि लहानात १५० घरं धरली, तर एकूण ५,७०० घरं होतात. दोघींची जोडी दिवसाला ४० घरं करते. आठ जोड्यांना अठरा दिवस लागतील. फेरभेटी धरून महिना ठेवा. एवढे हात नसतील तर गावं कमी करा, गावातली घरं अर्धवट सोडू नका.

समजा मोठ्या गावांत ७५, मधल्यांत ४२ आणि लहानांत ६४ परित्यक्ता सापडल्या. मोठ्या २० गावांतली ५ घेतली, म्हणजे तिथली प्रत्येक बाई चौघींच्या वतीने बोलते. ७५ चोक ३००. मधल्या ६०तली ६, म्हणून ४२ गुणिले १०, म्हणजे ४२०. लहान ४०तली ८, म्हणून ६४ गुणिले ५, म्हणजे ३२०. बेरीज १,०४०. सगळ्या १८१ एकत्र करून १९ गावांवरून १२० गावांचा हिशेब केला असता, तर ११४३ आले असते. शंभराचा फरक पडतो, कारण मोठी गावं आपण त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त घेतली होती आणि गावामागे परित्यक्ता तिथेच जास्त आहेत. अनुदान किती जणींना मिळतं ही टक्केवारी काढतानाही असंच गुणून घ्यायचं. म्हणून प्रत्येक फॉर्मवर ढिगाचा क्रमांक लिहायचा. तो राहिला तर नंतर काही करता येत नाही.

हे १,०४० सुद्धा अचूक नव्हेत. समजा आठ वाड्यांत २, ३, ४, ५, ६, ९, १४ आणि २१ बायका सापडल्या. एकवीसवाली वाडी चिठ्ठीत निघालीच नसती, तर उरलेल्या सातांवरून ३२० ऐवजी सुमारे २४६ आले असते. चिठ्ठीच्या निवडीत एवढं मागेपुढे होणारच. म्हणून निवेदनात "सुमारे एक हजार" लिहायचं आणि गावागावांत किती फरक होता तेही सांगायचं. ही चूक गावं वाढवली की कमी होते. पण आता सांगते त्या चुका गावं वाढवून कमी होत नाहीत, आणि त्याच जास्त फसवतात.

पहिली, "रँडम"चा गैरसमज. रँडम म्हणजे वाटेल तसं नव्हे. मुलींना "कुठलीही गावं घ्या" म्हटलं की त्या एस.टी.च्या रस्त्यावरची घेतात, ओळखीच्या सरपंचाची घेतात. त्यात त्यांचा दोष नाही, माणूस तसाच निवडतो. म्हणून चिठ्ठी सगळ्यांसमोर काढायची आणि निघालेलं गाव लांब आहे म्हणून बदलायचं नाही.

दुसरी, कुलूप. दुपारी बाराला गेलं की मजुरीला जाणारी बाई भेटत नाही. मग शेजारचं घर घेतलं जातं आणि फॉर्म भरतात फक्त घरी असणाऱ्या बायकांचे. शेजारचं घर बदली घ्यायचं नाही. त्याच घरी संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी परत जायचं, तीन वेळा. कितव्या भेटीत भेटली हे फॉर्मवर लिहायचं. शेवटी पहिल्या भेटीतल्या आणि तिसऱ्या भेटीतल्या बायकांची उत्तरं शेजारी मांडायची. तिसऱ्या भेटीतल्या बहुतेक मजूर आणि अनुदान नसलेल्या निघाल्या, तर कधीच न भेटलेल्याही तशाच असण्याचा संभव मोठा. म्हणजे अनुदान मिळणाऱ्यांचा आपला आकडा फुगलेला आहे, असं आपणच लिहायचं.

तिसरी, दारातलं उत्तर. "घरात परित्यक्ता आहे का?" विचारलं की भाऊ म्हणणार, "नाही, बहीण माहेरपणाला आलीय." म्हणून असा प्रश्न नको. काल रात्री घरात कोण कोण झोपलं त्या सगळ्यांची नावं घ्या. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला ती शेवटची सासरी कधी राहिली ते विचारा, तेही तिला एकटीला. किती महिने झाले म्हणजे परित्यक्ता धरायचं, हे पाहणीआधी ठरवा. वर्ष ठरवलं तर सगळ्या गावांत वर्षच. बाहेर सांगताना ही बायकांच्या कामाची आणि आरोग्याची पाहणी आहे असं सांगा, तसे प्रश्नही खरोखर ठेवा. मात्र तिला एकटीला गाठल्यावर सगळा हेतू सांगा आणि तिची संमती घ्या. बोलताना कुणी आलं तर लगेच आरोग्याच्या प्रश्नांवर या. आपल्या आकड्यासाठी तिला घरात मार खावा लागता कामा नये. ती नको म्हणाली तर "नकार" लिहून निघायचं. गावात नकार किती आले तेही अहवालात येऊ द्या.

आता गटागटाने बसा. मोठ्या कागदावर सगळ्यात वर एकच वाक्य लिहा, जे तुम्हाला कचेरीत उभं राहून म्हणायचं आहे. त्याखाली तुमच्या तालुक्यातल्या गावांचे ढीग करा. आणि सगळ्यात खाली, या पद्धतीतही आपल्याला जी भेटणार नाही ती बाई कोण, ते लिहा. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली बाई भेटत नाही, म्हणून आम्ही पाहणी पावसाळ्यात ठेवली. तुमच्याकडे कोण सुटते ते तुम्हालाच माहीत. चहानंतर कागद भिंतीवर लावू आणि एकमेकींचे तपासू.